वर्गणीदार नेमका कधी सोडून जातो?

मराठी पुस्तके ऐकवणारे एक अ‍ॅप आहे, असे समजू. अ‍ॅप आणि त्याचे आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण असा हिशेब अनेक कचेऱ्यांत दर महिन्याला मांडला जातो. वर्गणी महिना ९९ रुपये. अ‍ॅप मे २०२१ मध्ये सुरू झाले. जुलैत सुमारे १४ टक्के वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली, ऑगस्टमध्येही तितक्याच. ऑगस्टअखेर ३,४०० वर्गणीदार होते आणि सप्टेंबरात त्यांतले ९२८ गेले. म्हणजे गळती २७ टक्क्यांवर पोचली. ऑक्टोबरात ती २३ टक्क्यांवर आली.

हे चार आकडे पाहून कोणीही म्हणेल की सप्टेंबरात काहीतरी बिघडले आणि ऑक्टोबरात ते थोडे सावरले. कोणी नव्या पुस्तकांना दोष देईल, कोणी वर्गणी कमी करा म्हणेल. प्रत्यक्षात याच्या अगदी उलटे घडले होते. सप्टेंबरात अ‍ॅपमध्ये काहीच बिघडले नव्हते, आणि खरा फटका बसला तो ऑक्टोबरात. एकूण गळतीच्या आकड्यातून हे कळत नाही, कारण त्यात काल आलेला वर्गणीदार आणि पाच महिने टिकलेला वर्गणीदार एकाच मापाने मोजलेले असतात. त्यांना वेगळे करणाऱ्या तक्त्याला या व्यवसायात ‘कोहोर्ट रिटेन्शन टेबल’ म्हणतात. मराठीत त्याला तुकडीवार टिकावाचा तक्ता म्हणता येईल.

तक्ता कसा मांडतात

एकाच महिन्यात दाखल झालेल्या वर्गणीदारांची एक तुकडी करायची. मे महिन्यात आलेले सगळे मेच्या तुकडीत, जूनमध्ये आलेले जूनच्या. एकदा तुकडी ठरली की ती बदलत नाही. माणूस शेवटपर्यंत त्याच तुकडीत मोजायचा. प्रत्येक तुकडीला एक ओळ द्यायची. रकाने मात्र कॅलेंडरच्या महिन्यांचे नसतात, ते वर्गणीदाराच्या वयाचे असतात. पहिला रकाना दाखल होतानाचा, तिथे सगळेच १००. पुढचा रकाना पहिल्या नूतनीकरणाचा, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे भरण्याचा. त्यापुढचा दुसऱ्या नूतनीकरणाचा. प्रत्येक चौकोनात सुरुवातीच्या शंभरांपैकी किती जण अजून पैसे भरत आहेत ते लिहायचे.

आपल्या अ‍ॅपचा, नोव्हेंबर पूर्ण झाल्यावर काढलेला तक्ता असा आहे. जूनच्या तुकडीत २,००० जण होते, बाकी प्रत्येक तुकडीत ८००.

| तुकडी | दाखल | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| मे | १०० | ७० | ६१ | ५६ | ५३ | ४५ | ४४ |
| जून | १०० | ८६ | ८० | ५० | ४२ | ४० | |
| जुलै | १०० | ६९ | ६० | ४९ | ४६ | | |
| ऑगस्ट | १०० | ७१ | ५५ | ५० | | | |
| सप्टेंबर | १०० | ६२ | ५४ | | | | |

नंतरच्या तुकड्यांना वय कमी मिळाल्याने तक्ता उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला दिसतो. रिकामे चौकोन म्हणजे अजून न आलेले महिने. तिथे शून्य लिहिले की सगळा हिशेब फसतो.

ओळ आडवी वाचा

मेची ओळ पाहा. १००, ७०, ६१, ५६, ५३. पहिल्याच नूतनीकरणाला ३० जण गेले, मग ९, मग ५, मग ३. पण गेलेल्यांची नुसती संख्या पाहणे पुरेसे नाही. दुसऱ्या नूतनीकरणाला गेलेले ९ जण शंभरातले नव्हते, उरलेल्या ७० मधले होते. म्हणून त्या टप्प्यावरची गळती ९ भागिले ७०, म्हणजे सुमारे १३ टक्के. तिसऱ्याला ६१ पैकी ५, म्हणजे ८ टक्के. चौथ्याला ५६ पैकी ३, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहायचे, ही हा तक्ता वाचण्याची मुख्य रीत. ‘वर्गणीदार कधी सोडतो’ या प्रश्नाचे उत्तर या भागाकारातून मिळते.

मेच्या तुकडीत ते प्रमाण ३०, १३, ८, ५ असे उतरत गेले. बहुतेक वर्गणीच्या धंद्यांत असाच उतार दिसतो आणि त्यावरून एक गोड निष्कर्ष काढला जातो: लोक जितके राहतात तितकी त्यांना सवय लागते. कधी ते खरेही असते. पण सवय कोणालाही लागली नाही तरी असाच उतार दिसू शकतो. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी या विपणनशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हीच गोष्ट गणिताने मांडली.

त्यांचे म्हणणे एका साध्या हिशेबात बसते. १,००० जण आले. त्यांतले ४०० जण अर्ध्या मनाने आलेले आहेत आणि दर महिन्याला त्यांच्यातले ६० टक्के जातात. उरलेले ६०० पक्के आहेत, त्यांच्यातले दर महिन्याला ५ टक्केच जातात. कोणाचाही स्वभाव महिनोन्‌महिने तसूभर बदलत नाही. तरीही पहिल्या महिन्यानंतर उरतात ७३०, मग सुमारे ६०६, मग ५४०, मग ४९९. म्हणजे गळती २७ टक्क्यांवरून १७, मग ११, मग ८ अशी घसरते. अर्ध्या मनाचे लोक आधी निघून जातात आणि मागे पक्क्यांचे प्रमाण वाढत जाते, इतकेच घडलेले असते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. सहाव्या महिन्यात गळती कमी दिसते म्हणून कसेही करून लोकांना सहा महिने धरून ठेवले की ते कायमचे राहतील, हा समज खरा ठरेलच असे नाही. अर्ध्या मनाच्या माणसाला ओढूनताणून तिथपर्यंत नेले तरी त्याचे मन अर्धेच राहू शकते. जूनच्या ओळीत हे दिसते.

रकाना उभा वाचा

आता एकच रकाना वरून खाली वाचू. पहिल्या नूतनीकरणाच्या रकान्यात ७०, ८६, ६९, ७१, ६२ असे आकडे आहेत. इथे सगळे वर्गणीदार एकाच वयाचे आहेत, त्यामुळे तुलना न्याय्य ठरते. ७०, ६९ आणि ७१ हे तिन्ही आकडे एकच मानायचे. ८०० जणांच्या तुकडीत निव्वळ योगायोगानेच असा आकडा दोन्ही बाजूंना सुमारे तीन टक्क्यांनी हलू शकतो. एखाद्या टक्क्याच्या वाढीचे श्रेय नव्या जाहिरातीला देण्यात अर्थ नसतो. तुकडी फक्त ४० जणांची असेल तर हीच हालचाल सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जाते, कारण एक माणूस गेला तरी अडीच टक्के कमी होतात. अशा वेळी महिन्याऐवजी तीन-तीन महिन्यांच्या तुकड्या कराव्यात.

जूनचे ८६ मात्र योगायोगाने येणार नाहीत. जूनमध्ये अ‍ॅपने सवलत दिली होती: पहिले तीन महिने अर्ध्या पैशांत. म्हणून २,००० जण आले, आणि पहिल्या दोन नूतनीकरणांपर्यंत ८० जण टिकले. ऑगस्टअखेर हा तक्ता पाहणाऱ्याला जूनची तुकडी सर्वोत्तम वाटली असती. तिसऱ्या नूतनीकरणाला पहिल्यांदा पूर्ण ९९ रुपये कापले जाणार होते. तिथे ८० चे ५० झाले, म्हणजे उरलेल्यांतले जवळजवळ ३८ टक्के एकदम गेले. मेच्या तुकडीचे अर्ध्या मनाचे लोक पहिल्या महिन्यात गेले होते. जूनचे तसे लोक सवलत संपेपर्यंत थांबले.

जूनचे तिसरे नूतनीकरण सप्टेंबरात आले. त्या महिन्यात गेलेल्या ९२८ जणांपैकी ६०० एकट्या जूनच्या तुकडीतले होते. मे, जुलै आणि ऑगस्टच्या तुकड्या त्या महिन्यात नेहमीसारख्याच वागल्या. म्हणजे २७ टक्क्यांचा जो धसका घेतला, तो जूनमध्येच ठरून गेला होता.

मग सवलत फसली का? नोव्हेंबरअखेर जूनच्या तुकडीतले ४० टक्के उरले आहेत, मे आणि जुलैचे अनुक्रमे ४४ आणि ४६. टक्केवारी थोडी कमी आहे, पण माणसे मोजली तर जूनचे ८०० जण पूर्ण पैसे भरत आहेत, जुलैचे ३६८. जुलैतही नेहमीइतकेच नवे लोक आले, म्हणजे सवलतीने पुढच्या महिन्याची गिऱ्हाइके आधीच ओढून घेतली असेही दिसत नाही. तीन महिने अर्धे पैसे सोडल्याचा खर्च यातून वजा करून पाहिलाच पाहिजे, पण सवलत वाया गेली असे हा तक्ता म्हणत नाही. सवलतीच्या तुकडीचा निवाडा सवलत संपल्यावर, एक-दोन पूर्ण दराची नूतनीकरणे झाल्यानंतर करावा.

तिरपी रेषा वाचा

आडवी ओळ तुकडीचे आयुष्य सांगते, उभा रकाना एकाच वयाच्या तुकड्यांची तुलना करून देतो. तिसरी दिशा लोक बहुतेक वेळा विसरतात: तिरपी. मेचे पाचवे नूतनीकरण, जूनचे चौथे, जुलैचे तिसरे, ऑगस्टचे दुसरे आणि सप्टेंबरचे पहिले, ही पाचही एकाच कॅलेंडर महिन्यात येतात. तो महिना म्हणजे ऑक्टोबर २०२१.

या रेषेवरची गळती काढून पाहू. मेच्या ५३ पैकी ८ गेले, म्हणजे १५ टक्के. या वयाला ५ च्याही खाली अपेक्षित होते. जूनचे १६ टक्के गेले, तिथे ५ अपेक्षित. जुलैचे १८, अपेक्षित ८. ऑगस्टचे साडेबावीस, अपेक्षित १३. सप्टेंबरचे ३८, अपेक्षित ३०. जुने-नवे, सवलतीचे-बिनसवलतीचे असा काही भेद नाही; प्रत्येक तुकडीतून नेहमीपेक्षा ८ ते ११ टक्के जास्त लोक गेले. वयाशी संबंध नसलेला आणि सगळ्यांना एकाच महिन्यात सारखा बसलेला फटका बाहेरून आलेला असतो. दरवाढ, बंद पडलेला सर्व्हर किंवा पैसे वळते होण्यातली अडचण, ही त्याची नेहमीची कारणे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतात असे कारण खरोखर घडले. रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी नवी चौकट आखली होती आणि वाढवून दिलेल्या मुदतीनंतर ती १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली. ग्राहकाने अशी परवानगी एकदा ओटीपीसारख्या जादा पडताळणीने नोंदवायची, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने त्याला कळवायचे, आणि ५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला दर वेळी नवी संमती घ्यायची, असा तो नियम. ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. जुन्या पद्धतीने दिलेल्या परवानग्या नव्या चौकटीत नोंदवलेल्या नव्हत्या, म्हणून देशभर अनेक वर्गण्यांचे हप्ते त्या महिन्यात नाकारले गेले. आपल्या कल्पित अ‍ॅपलाही तोच धक्का बसला आहे.

अशा रीतीने गेलेल्या माणसाने सोडायचे ठरवलेले नसते. त्याचे पैसे वळते झालेले नसतात, इतकेच. म्हणून तक्ता करताना स्वतः बंद केलेले आणि हप्ता नाकारल्यामुळे बंद झालेले यांची नोंद वेगळी ठेवावी लागते. दोघांवर उपाय वेगळे आहेत. पहिल्याला अ‍ॅप पटलेले नाही. दुसऱ्याला पुन्हा परवानगी द्यायचा दुवा पाठवला किंवा यूपीआय ऑटोपेचा मार्ग दिला तर तो परत येऊ शकतो. इथे एक जपायला हवे. तो परतलेला माणूस नोव्हेंबरचा नवा वर्गणीदार म्हणून नोंदवला गेला तर नोव्हेंबरची तुकडी खोटीच गुणी दिसू लागते. ओळख माणसाची ठेवायची, वर्गणीच्या क्रमांकाची नाही.

आता सुरुवातीच्या आकड्यांकडे पाहा. ऑक्टोबरची एकूण गळती २३ टक्के, म्हणजे सप्टेंबरपेक्षा कमी. पण प्रत्येक तुकडीसाठी ऑक्टोबर नेहमीपेक्षा वाईट गेला होता. सप्टेंबरातली जूनच्या तुकडीची लाट ओसरली म्हणून एकूण आकडा उतरला आणि सुधारणा झाल्याचा भास झाला.

महिन्याच्या आत डोकावा

तक्ता सांगतो की सर्वांत मोठी गळती पहिल्या नूतनीकरणाला होते. पण तो त्या दिवशीची गळती दाखवतो, त्या दिवशीचा निर्णय नव्हे. बहुतेक अ‍ॅपमध्ये वर्गणी बंद केली तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहते. तिसऱ्या दिवशी बंदचे बटण दाबणारा आणि एकोणतिसाव्या दिवशी दाबणारा, दोघेही तक्त्यात एकाच चौकोनात गेलेले दिसतात. म्हणून मोठी गळती असलेल्या चौकोनासाठी बटण दाबल्याची तारीख वेगळी काढावी.

मेच्या तुकडीतले पहिल्या नूतनीकरणाला गेलेले २४० जण असे उलगडले, असे धरू: १०० जणांनी पहिल्या दोन दिवसांत बंद केले, ९० जणांनी शेवटच्या तीन दिवसांत, १५ जणांचे पैसे वळते झाले नाहीत आणि ३५ जण मधल्या दिवसांत विखुरलेले. पहिल्या दोन दिवसांतल्यांना महिना संपताना पाठवलेला ‘थांबा ना’ हा संदेश निरुपयोगी आहे; त्यांचा निर्णय कधीच झालेला असतो. त्यांनी बंद केल्यानंतर पुस्तके ऐकली का, हे आधी पाहायला हवे. ऐकली असतील तर आपोआप पैसे कापले जाऊ नयेत म्हणून त्यांनी घेतलेली ती काळजी असू शकते आणि हा माणूस अजून हातचा गेलेला नाही. ऐकलीच नसतील तर आल्या दिवशी त्यांना हवे ते सापडले नाही, असा संशय घ्यावा. शेवटच्या तीन दिवसांतल्यांना बहुधा पैसे कापण्याची सूचना आल्यावर आठवण झाली. त्यांनी महिनाभर काय ऐकले, हा त्यांच्यापुरता प्रश्न.

कुठे चुकते

सर्वांत नेहमीची चूक शेवटच्या तिरप्या रेषेवर होते. तक्ता महिन्याच्या १५ तारखेला काढला तर २० तारखेला पैसे भरणारे लोक अजून आलेलेच नसतात. ते गेले असे मोजले तर ताजी रेषा दर वेळी भयंकर दिसते, आणि महिनाअखेर आपोआप सुधारते. पूर्ण झालेल्या महिन्यांचेच चौकोन भरावेत.

दुसरी चूक महिना मोजण्यात होते. वर्गणी ३० दिवसांची असेल तर १ जुलैला आलेल्याचे नूतनीकरण ३१ जुलैलाच येते. कॅलेंडरचा महिना धरला तर तो जुलैत दोनदा भरतो आणि हिशेब सरकतो. म्हणून रकाने नूतनीकरणाच्या क्रमांकाचे असावेत.

तिसरी चूक वार्षिक वर्गणीदार त्याच तक्त्यात घालण्याची. त्यांना वर्षभर जाण्याची संधीच नसते. ते अकरा महिने शंभर टक्के निष्ठावान दिसतात आणि बाराव्याला एकदम कोसळतात. त्यांचा तक्ता वेगळा, आणि त्यात एक रकाना म्हणजे एक वर्ष. मराठी मासिकांची वार्षिक वर्गणी अशाच तक्त्यात बसते.

तक्त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. माणूस कधी जातो ते तो दाखवतो. का जातो ते नाही. जूनच्या सवलतीची आणि ऑक्टोबरच्या नियमाची माहिती तक्त्याबाहेरून आणावी लागली. तक्त्याने फक्त कुठे शोधायचे ते दाखवले.

हा तक्ता मांडायला महागडे साधन लागत नाही. प्रत्येक वर्गणीदाराची ओळख, दाखल झाल्याची तारीख आणि पैसे भरल्याच्या तारखा एवढे नोंदवहीत असेल तर वाचनालय, व्यायामशाळा किंवा छोटे मासिकही तो साध्या स्प्रेडशीटमध्ये करू शकते. तेव्हा पुढच्या वेळी गळती अचानक वाढली किंवा घटली तर दर, सवलत किंवा माणसे बदलण्याआधी तक्ता काढा आणि तीन गोष्टी तपासा: गेलेले कोणत्या तुकडीचे, कोणत्या वयाचे, आणि सगळ्या तुकड्यांतून एकाच महिन्यात गेले का. याची उत्तरे मिळेपर्यंत एकूण आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.